तळहात दाखवून पैसे देणं: निपाणीच्या काउंटरवरचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

आमचं ग्राहक भांडार छोटं, सभासद बाराशेच्या आसपास, आणि त्यात बऱ्याच बाया बिड्या वळणाऱ्या. वर्षानुवर्षं तेंदूची पानं आणि जर्दा हाताळून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत होतात, म्हणून अंगठा लागत नाही ही त्यांची जुनी रड. तळहाताचं यंत्र घेतलं ते मुख्यतः यासाठीच. सभासद भांडाराच्या खात्यात आधी पैसे भरून ठेवतो, माल घेतला की हात दाखवतो आणि बिलाची रक्कम वजा होते.

यंत्र कातडीवरच्या रेषांपेक्षा आतल्या शिरा बघतं. खालून इन्फ्रारेड प्रकाश पडतो. शिरांतलं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त तो शोषून घेतं, त्यामुळे कॅमेऱ्याला शिरांचं जाळं काळ्या रेघांसारखं दिसतं. वरची कातडी झिजली तरी आतलं जाळं तसंच राहतं, म्हणून ज्या बायांचा अंगठा कधी लागत नव्हता त्यांचा हात इथे लागतो. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

खरी गोम आहे नोंदणीत. नोंदणी करताना यंत्र हाताचे तीन-चार फोटो घेतं, त्यातून शिरांच्या फाट्यांचा आकड्यांतला साचा बनवतं आणि तो खात्याला जोडतं. पुढे प्रत्येक वेळी नवा हात या साच्याशी ताडून गुण दिले जातात. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले तर पैसे कापले जातात, खाली राहिले तर नकार. सुरुवातीच्या गर्दीत पोरांनी उभ्याउभ्या, हात तिरका असतानाच नोंदण्या उरकल्या होत्या. तिन्ही फोटो एकाच तिरक्या कोनातले, म्हणजे साचाही तिरकाच. एका अक्काचा हात रोज दोन-तीनदा नाकारला जायचा. त्या वैतागून म्हणाल्या, "माझाच हात मला ओळखंना झालाय बगा वो." यंत्रातल्या नोंदींचा लॉग उघडला तर चित्राची प्रत चांगली होती, जुळणीचे गुण मात्र दर वेळी रेषेच्या जरासे खाली. यावरून दोष साच्यात आहे हे कळलं. जुना साचा पुसला, त्यांना स्टुलावर बसवलं, हात यंत्रावर अंतर ठेवून सपाट, बोटं किंचित फाकलेली, आणि प्रत्येक फोटोआधी हात काढून पुन्हा ठेवायला लावला. डावा हातही नोंदवला, कारण दोन्ही हातांच्या शिरा वेगळ्या असतात. त्यानंतर त्यांची तक्रार नाही.

उलट, चित्राची प्रतच खराब असेल तर दोष हातात किंवा जागेत असतो. थंडीत गार पाण्यात भांडी घासून आलेल्या बाईच्या शिरा आकसलेल्या असतात आणि चित्र फिकं येतं. हात चोळून घेतले की काम होतं. संध्याकाळी आमच्या काउंटरवर पश्चिमेचं ऊन यायचं आणि सगळ्यांचेच हात नाकारले जायचे. उन्हातही इन्फ्रारेड असतो, त्यात यंत्राचा स्वतःचा प्रकाश बुडून जातो. यंत्र आतल्या भिंतीकडे सरकवलं आणि प्रश्न मिटला. पुरवठादाराच्या माणसाने मात्र त्याआधी आम्हाला नवी काच विकायचा घाट घातला होता.

नुसता हात दाखवायचा की आधी मोबाइलचे शेवटचे चार आकडे दाबायचे, यावरून संचालकांत बराच वाद झाला. मी आकड्यांच्या बाजूचा. समजा, परका हात एखाद्या साच्याशी चुकून जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. हात एकट्या साच्याशी ताडला तर ती नगण्य. पण नुसता हात दाखवला की तो बाराशे साच्यांशी ताडला जातो, आणि तीच शक्यता साधारण आठशेंत एक होते. चार आकडे दाबले की समोर बहुतेक वेळा एकच साचा उरतो. दोन-तीन सेकंद जास्त जातात, जाऊ देत. दुसऱ्याच्या खात्यातून साखर गेली तर भांडण मला सोडवायचंय.

एक तक्रार अजून कायम आहे. वेग यावा म्हणून साच्यांची प्रत काउंटरवरच्या यंत्रातही राहते. एका सभासदाने भांडार सोडताना साचा पुसायला सांगितला. कार्यालयातल्या संगणकावरून तो लगेच गेला, पण नेट बंद असल्याने दुसऱ्या काउंटरला ते संध्याकाळपर्यंत माहीतच नव्हतं. पिन बदलता येतो, हात कसा बदलणार? म्हणून आता पुसलं की दोन्ही यंत्रं सिंक झाल्याचं पडद्यावर बघतो आणि मगच सभासदाला पावती देतो. पडद्यावरच्या सूचना कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत येतात, मराठीची मागणी पुरवठादाराकडे पडून आहे. तोवर "हात वर घ्या, सपाट धरा" हे मीच ओरडून सांगतो.

घ्यायचं असेल तर डेमोच्या वेळी पुरवठादाराला लॉग उघडायला लावा. चित्राची प्रत आणि जुळणीचे गुण वेगवेगळे दिसत नसतील, तर हात का नाकारला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.