केटरिंगचे पैसे घ्यायला एकच लिंक की टप्प्याटप्प्याच्या लिंक?

कर्वेनगरचं लग्न, 400 ताटं, 650 रुपये दर, म्हणजे 2,60,000. एकाच इन्व्हॉइस लिंकवर अंशतः भरणा सुरू ठेवला, तर बाकी आपोआप दिसते. पण मुलीचे काका पाच हजार टाकून ‘ॲडव्हान्स दिला’ म्हणतात. किमान पहिला हप्ता 65,000 ठरवता येतो, तो ठरवाच.

वेगळ्या लिंकमध्ये रक्कम आणि मुदत पक्की: बुकिंगला 65,000, आठवडाभर आधी 1,30,000. यूपीआयची नेहमीची मर्यादा मात्र दिवसाला 1 लाख, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या दोन लिंक करा, वेगवेगळ्या दिवशी भरायच्या. शेवटची लिंक ताटं मोजल्यावरच. 35 ताटं वाढली, तर 65,000 अधिक 22,750, म्हणजे 87,750. एकाच लिंकवाल्याला इथे नवं बिल करावंच लागतं. मी वेगळ्याच पाठवतो.