सिंगल सुपर की ट्रिपल सुपर, निबंधाला कुठलं घ्यायचं?

इंडस्ट्रियल केमिस्ट्रीच्या निबंधाला सुपरफॉस्फेट विषय आला की पहिला गोंधळ इथेच होतो, कारण पुस्तकात दोन सुपर असतात. सिंगलमध्ये साधारण 16 ते 20 टक्के P2O5, ट्रिपलमध्ये 44 ते 48 टक्के. आकडे बघून बरेच जण ट्रिपल उचलतात, मॉडर्न वाटतं म्हणून. पण विषयात "रॉक फॉस्फेट आणि सल्फ्युरिक ॲसिड" असं लिहिलेलं असेल तर माझं मत सरळ सिंगलच्या बाजूने आहे, आणि का ते केमिस्ट्रीतूनच सांगतो.

आधी रिॲक्शन. शाळेत Ca3(PO4)2 अधिक दोन H2SO4 असं शिकवतात, ते कामचलाऊ आहे पण खडकात असतं ते फ्लोरॲपेटाइट, म्हणून खरं समीकरण हे लिहा:

```
2Ca5(PO4)3F + 7H2SO4 + 3H2O
  -> 3Ca(H2PO4)2·H2O + 7CaSO4 + 2HF
```

आता हे एका दमात होत नाही, आणि निबंधातली खरी मजा तिथेच आहे. सल्फ्युरिक आधी सगळा स्वतःच संपतो, आणि संपताना साधारण 70 टक्के ॲपेटाइट फोडून त्याचं फॉस्फोरिक ॲसिड आणि कॅल्शियम सल्फेट करतो. हे झटपट होतं, मिक्सर आणि डेनमध्ये, म्हणजे ओला माल सेट होतो त्या बंद कप्प्यात, मिनिटांच्या हिशोबात सुरू होऊन बरंचसं उरकतं. मग उरलेल्या 30 टक्के ॲपेटाइटला हेच तयार झालेलं फॉस्फोरिक ॲसिड हळूहळू खातं आणि मोनोकॅल्शियम फॉस्फेट बनतं, म्हणजे पाण्यात विरघळणारा, झाडाला लगेच मिळणारा भाग:

```
Ca5(PO4)3F + 7H3PO4 + 5H2O
  -> 5Ca(H2PO4)2·H2O + HF
```

हा दुसरा टप्पा इतका मंद की माल गोडाऊनमध्ये ढीग लावून काही आठवडे ठेवावा लागतो, त्यालाच क्युरिंग म्हणतात.

आणि ट्रिपल? तिथे हीच दुसरी रिॲक्शन आहे! फरक एवढाच की 70 टक्के खडक आधी वेगळ्या प्लांटमध्ये सल्फ्युरिकने फोडतात, जिप्सम गाळून बाजूला काढतात, ॲसिड आटवून घट्ट करतात आणि मग त्यात उरलेला 30 टक्के खडक टाकतात. म्हणजे सिंगलमध्ये जे एकाच ढिगात होतं तेच ट्रिपलमध्ये मधे फिल्टर लावून दोन ठिकाणी होतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन प्रोसेस वेगळ्या पाठ करण्यात घालवलेला वेळ आठवून चिडचिड झाली होती 😅

म्हणून सल्फ्युरिकचा खर्च कागदावर दोघांत सारखाच येतो, एक टन P2O5 विद्राव्य करायला अंदाजे 1.6 टन शुद्ध ॲसिड. ट्रिपलमध्ये ॲसिड वाचतं असं कोणी लिहिलं तर ते चूक. वाचतं ते वजन. सिंगलमध्ये त्या एक टन P2O5 बरोबर सव्वादोन टन कॅल्शियम सल्फेट खतातच राहतं, 16 टक्क्यांचा माल धरला तर सव्वासहा टन पोती उचलावी लागतात, 46 टक्क्यांच्या ट्रिपलची दोन टनांच्या जरा वर. पण ट्रिपलचं जिप्सम गायब होत नाही, कारखान्याबाहेर त्याचा डोंगर होतो. आणि सिंगलच्या जिप्सममधून शेताला गंधक मिळतं ते ट्रिपलमध्ये जवळपास नाहीच, हा मुद्दा तुलनेत नक्की टाका.

आता सिंगलचा एक हिशोब करून बघू, निबंधात असा एक असला की वजन येतं. 1000 किलो खडक घ्या, 32 टक्के P2O5 चा, शिवाय त्यात 5 टक्के कॅल्साइट. शुद्ध फ्लोरॲपेटाइटमध्ये P2O5 साधारण 42.2 टक्के, म्हणजे या खडकात ॲपेटाइट 758 किलो. वरच्या समीकरणाने एक किलो ॲपेटाइटला 0.68 किलो ॲसिड, झालं 516 किलो. 50 किलो कॅल्साइट आणखी 49 किलो ॲसिड फुकट खाणार. एकूण 565 किलो शुद्ध ॲसिड, 70 टक्क्यांचं वापरलं तर 807 किलो. मिश्रण 1807 किलो, त्यातून वाफ, CO2 आणि फ्लोरीनचे वायू मिळून शंभरेक किलो उडाले असं धरा, राहिला 1700 किलो माल, आणि 320 किलो P2O5 म्हणजे 18.8 टक्के. सगळा P2O5 विद्राव्य होत नाही, त्यामुळे पोत्यावर याहून कमीच छापतात.

70 टक्केच का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. ॲसिड जास्त घट्ट असेल तर खडकाच्या कणावर कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो, आतला ॲपेटाइट तसाच राहतो आणि माल झटकन कोरडा पडतो. पातळ असेल तर डेनमधला माल सेटच होत नाही, कापायला गेलं की चिखल. खडक बारीक दळतात तेही याच कारणाने, थर बसायच्या आत कण संपला पाहिजे.

थोडं कॅल्साइट खरं तर बरं असतं, CO2 मुळे माल फुगून भुसभुशीत होतो आणि कापायला सोपा जातो, जास्त झालं की नुसता फेस आणि ॲसिडचं बिल.

क्युरिंग झालं की नाही हे फ्री ॲसिड, म्हणजे मालात न वापरता उरलेलं ॲसिड, बघून कळतं. ढीग लावताना ते जास्त असतं, आठवड्यागणिक उतरत जातं आणि पाण्यात विरघळणारं P2O5 चढत जातं. तीन-चार आठवड्यांनीही फ्री ॲसिड उतरत नसेल तर एक तर ॲसिड जास्त पडलंय किंवा दळण जाड आहे. असा माल भरला की चिकटतो, पोती खातो. आणि उलटंही होतं: खडकात लोखंड, ॲल्युमिनियम जास्त असेल तर विद्राव्य झालेलं फॉस्फेट त्यांच्याशी जुळून परत न विरघळणारं होतं, मग आकडा चढून पुन्हा उतरताना दिसतो. याला रिव्हर्शन म्हणतात, आणि हे क्युरिंग लांबवून सुटत नाही, खडकच बदलावा लागतो.

HF मात्र कोणी विसरू नका, बहुतेक निबंधांत तो समीकरणात येतो आणि पुढे गायब होतो. खडकात सिलिका असते, तिच्याशी तो SiF4 बनवून डेनमधून बाहेर पडतो, स्क्रबरमध्ये पाण्याचा फवारा मारला की H2SiF6 आणि सिलिकाचा चिकट गोळा तयार होतो जो नळ्या चोंदवतो. ट्रिपलमध्येही हे आहेच, फक्त दोन ठिकाणी विभागलेलं, ॲसिड प्लांट आणि खत प्लांट.

मग निवड कशी करायची? शब्दमर्यादा हजार-दीड हजार असेल तर सिंगल घ्या, कारण पूर्ण प्रोसेस एका छपराखाली संपते आणि इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉज यांच्या 1842 च्या पेटंटपासून मूळ केमिस्ट्री तीच आहे, म्हणून इतिहासही दोन ओळींत बसतो. ट्रिपल तेव्हाच घ्या जेव्हा फॉस्फोरिक ॲसिडचं फिल्ट्रेशन आणि जिप्समचा डोंगर यावर वेगळं प्रकरण लिहायची जागा आहे, नाहीतर निम्मा निबंध ॲसिडवर जातो आणि खत शेवटच्या पानावर येतं.