सांत्वनाचं पत्र, धीराचं पत्र आणि तिसरं पत्र: बेपत्ता माणसाच्या घरी काय लिहावं

२२ जुलै २०२१ च्या रात्री महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि नियंत्रण कक्षात माझी पाळी होती. टेबलावर दोन याद्या असत, एक मयतांची आणि एक बेपत्तांची. नातेवाईक दारात आले की आधी विचारत, "आमचं माणूस कुठल्या यादीत आहे?" बेपत्तांच्या यादीत आहे म्हटलं की काही जण खाली बसून रडत आणि काही जण हात जोडत. एकाच उत्तराचे हे दोन अर्थ तेव्हापासून माझ्या मनात आहेत.

त्याच आठवड्यात माझा भाचा कराडहून आला. त्याचा मित्र, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, दुधाचा टेम्पो घेऊन जाताना फरशी पुलावरून ओढ्यात वाहून गेला होता. तिसऱ्या दिवशी टेम्पो सापडला, आप्पा नाही. भाच्याने आप्पाच्या घरी पाठवायला दोन पत्रं लिहून आणली होती आणि त्याला विचारायचं होतं, यातलं कुठलं टाकू. आम्ही ती शेजारी ठेवून वाचली. शेवटी दोन्ही बाजूला ठेवून तिसरं लिहिलं. का, ते सांगते.

पहिलं पत्र सांत्वनाचं होतं. "आप्पा आपल्यातून गेल्याचं कळलं. तो फार मनमिळाऊ होता. आम्ही सर्व तुमच्या दुःखात सहभागी आहोत. ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो." प्रत्येक वाक्य आपल्या तोंडात बसलेलं, म्हणूनच ते इतक्या सहज लिहिलं जातं. पण घरात अजून दिवस घातलेले नाहीत, सुतक धरलेलं नाही, वहिनी रोज कुंकू लावून दारात उभी राहते. अशा घरात हे पत्र मृत्यूची बातमी घेऊन येतं. वर भाच्याने पाकिटावर लिहिलं होतं, "श्रीमती". त्याच्या मनात काही नव्हतं, कचेरीच्या पत्रांत सगळ्यांनाच श्रीमती लिहितात. आपल्याकडे मात्र घरगुती पत्रात सौ. चं श्रीमती झालं की बाईला आत उघडून वाचावं लागत नाही. पोस्टमनच्या हातातच तिला समजतं की लोकांनी काय ठरवून टाकलं आहे.

दुसरं पत्र धीराचं होतं. "आप्पा नक्की परत येईल. पट्टीचा पोहणारा आहे, त्याला काही होणार नाही. आशा सोडू नका." हे वाचताना भाच्याचा आवाज भरून आला, कारण त्याला ते खरंच वाटत होतं. पण त्याला असं काहीच माहीत नव्हतं जे घरच्यांना माहीत नाही. "नक्की" हा शब्द त्याने कुठून आणला? घरचे मग फोन करून तेच विचारतात, "तुला काही कळलंय का?" दुसरं म्हणजे "आशा सोडू नका" हे दिसायला मायेचं वाक्य त्यांच्यावर एक काम टाकतं. दोन महिन्यांनी म्हातारा बाप थकून "आता नाही तो" म्हणाला, तर त्याला वाटतं आपणच पोराला सोडलं. काठावर कुणीतरी तसाच माणूस पाहिला, अमक्या देवऋषाने पूर्वेला आहे म्हणून सांगितलं, हे तर पत्रात लिहूच नये. कुणाला खरोखर काही दिसलं असेल तर ते पोलिसांना किंवा नियंत्रण कक्षाला कळवावं. त्यांनी तपासल्यावर घरच्यांना कळेलच. आमच्याकडे एक बाई अशा एका निरोपावरून दोन तालुके पालथे घालून आल्या होत्या.

दोन्ही पत्रांतली चूक मला एकच वाटते. दोन्ही पत्रांनी घरच्यांच्या आधी निकाल दिला आहे.

शोध तरी किती अनिश्चित असतो ते पाहा. २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल पडला, तेव्हा पुरात गेलेल्या एसटी नदीत सापडायला आठवड्याहून जास्त लागला, आणि काही माणसं कधीच मिळाली नाहीत. २०२१ मध्ये तळियेत शोध थांबवल्यावर न सापडलेल्या ३१ जणांना मृत घोषित केलं. २०२३ मध्ये इरशाळवाडीत १९ जुलैच्या रात्री दरड आली, २३ ला शोध थांबला आणि ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. म्हणून "लवकरच सापडेल" हेही लिहू नये, जिवंत या अर्थाने नाही आणि दुसऱ्या अर्थानेही नाही.

आमचं तिसरं पत्र ३१ जुलैला गेलं. ते असं होतं.

"॥ श्री ॥
सौ. वहिनींस आणि काकांना सा. न. वि. वि.
आप्पाचा अजून पत्ता लागलेला नाही हे कालच्या फोनवर कळलं. शोध सुरू आहे एवढंच मला माहीत आहे. मे महिन्यात आप्पाने मला पावसात कराडच्या स्टँडवरून घरी सोडलं, वाटेत थांबून आईसाठी भजी बांधून घेतली. ते रोज डोळ्यांपुढे येतं. येत्या रविवारी, ८ तारखेला, सकाळी नऊला मी येतो. वैरण आणून टाकतो. तहसीलला किंवा पोलीस ठाण्यात जायचं असलं तर गाडी माझ्याकडे आहे. येऊ नको असं वाटलं तर शेजारच्या काकूंकडून निरोप द्या, मी नंतर येईन. उत्तर लिहायची गरज नाही."

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम आहेत. वर "श्री" आहे आणि "सा. न. वि. वि." आहे, कारण दुखवट्याच्या पत्रात जुनी माणसं नेमकं तेच गाळतात. आपण भावनेच्या भरात मायना गाळला, तर काकांसारखा माणूस ती रिकामी जागाच आधी वाचतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. आप्पाबद्दल "आहे" लिहावं की "होता", यावर भाचा अडला होता. "मनमिळाऊ होता" म्हटलं की माणूस संपला. "मनमिळाऊ आहे" म्हटलं तर खोटा आव आणल्यासारखं त्याला वाटत होतं. वाट अशी आहे की त्याच्या स्वभावाचं वर्णनच करू नये, एक घडलेला प्रसंग सांगावा. "मला घरी सोडलं" हे घडून गेलेलं काम आहे. जिवंत माणसाबद्दलही आपण तसंच बोलतो. मात्र "सोडायचा", "हसायचा", "म्हणायचा" ही रूपं टाळावीत. त्यांत आता ते बंद झालं असं ऐकू येतं. "आठवण येते" चालतं, कारण ती दूर असलेल्याचीही येते. "आठवणीत राहील" चालत नाही.

तिसरी गोष्ट तहसीलची. मदतीचा उल्लेख "मृत्यूच्या दाखल्याचं काम असलं तर सांगा" असा होऊ शकला असता, आणि हेतू चांगलाच असता. पण त्या कागदापाशी घरं कशी अडतात ते मी पाहिलं आहे. एरवी बेपत्ता माणसाबाबत सात वर्षं काही कळलं नाही तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होतं, आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही तो नियम आहे. आपत्तीत सरकार इतकं थांबत नाही. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयानंतर चौकशी करून, जाहीर सूचना देऊन, हरकती मागवून दाखले दिले गेले. मयताच्या वारसांना मिळणारी चार लाखांची मदत त्याच घोषणेवर अवलंबून असते. म्हणजे बायकोला पैशांची निकड असते आणि अर्जावर सही करताना तिला वाटतं, आपण स्वतःच्या हाताने त्याला मारतोय. कधी रक्ताच्या नात्यातल्यांचे डीएनएसाठी नमुने मागतात, तेव्हाही घर असंच हादरतं. यात पत्र लिहिणाऱ्याने "सही करा" म्हणू नये आणि "करू नका" तर मुळीच म्हणू नये. "गाडी माझ्याकडे आहे" पुरतं.

पत्र, मोबाइल की भेट, असंही भाच्याने विचारलं होतं. व्हॉट्सॲप मी पहिल्या महिन्यात नको म्हणेन. फोन वाजला की त्या घरात सगळ्यांचा श्वास थांबतो, शोधपथकाचा निरोप असेल म्हणून. आणि गावाच्या ग्रुपवर एकाने "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं की पन्नास जण हात जोडतात. लांब असाल तर पत्र, जवळ असाल तर पत्रानंतर भेट.

खरी अडचण पुढे येते. शोध थांबला, यादीतलं नाव हललं, तरी घर एकदम हलत नाही, आणि घरातली सगळी माणसं एका वेळी हलत नाहीत. ऑक्टोबरमध्ये काका "आप्पा होता तेव्हा" असं बोलू लागले आणि वहिनी "हे आले की" म्हणत होत्या. एकाच पत्रात दोघांना कसं लिहायचं? आम्ही दोन पत्रं केली. काकांना त्यांच्याच शब्दांत लिहिलं, "तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे". वहिनींच्या पत्रात आप्पाबद्दल काळ येईल असं वाक्यच ठेवलं नाही. मुलाच्या शाळेचं विचारलं, दिवाळीला येतो म्हणून लिहिलं. घरचे जो शब्द वापरतात तो त्यांच्या मागून वापरायचा, एक पाऊल पुढे जायचं नाही. सरकारने घोषणा केली म्हणून आपण मायना बदलायचा नाही.

भाचा दर वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक पत्र टाकतो. पहिल्या वर्षीच्या उत्तराखाली वहिनींची सही "सौ." लावून होती. दुसऱ्या वर्षीही तशीच. तिसऱ्या वर्षी त्यांनी नावाआधी काहीच लावलं नाही, नुसतं नाव आणि आडनाव. भाच्याने ते पत्र मला दाखवायला आणलं. पुढच्या पाकिटावर त्याने तसंच लिहिलं, नुसतं नाव आणि आडनाव, आणि आत मायना केला, "वहिनींस सा. न. वि. वि."