भागीदारीपत्राचा अनुवाद: वाक्यास वाक्य की उपकलमे फोडून?

इंग्रजी भागीदारीपत्र मराठीत आणायचे असेल तर मांडणीचे दोन रस्ते समोर येतात. पहिल्यात मूळ वाक्य जितके लांब, तितकेच लांब मराठी वाक्य लिहायचे. कलमाला कलम, पूर्णविरामाला पूर्णविराम. दुसऱ्यात मूळ कलमाचा क्रमांक कायम ठेवून त्यातले लांब वाक्य लहान उपकलमांत फोडायचे. दोन्ही प्रकारचे अनुवाद लोक करतात, दोन्हींवर सह्या होतात आणि दोन्हींना बाजू मांडणारे जाणकार आहेत. माझा कल दुसऱ्याकडे आहे. तो सगळ्या कलमांसाठी सारखा नाही, म्हणून तीन मुख्य विषय वेगवेगळे पाहू.

भांडवलाच्या कलमात फार फरक पडत नाही. कोणी किती आणले याची यादी असते आणि यादी दोन्ही मांडण्यांत यादीच राहते. इथे लक्ष ठेवायचे ते क्रियापदाच्या काळावर. मुळात भागीदाराने भांडवल आणलेले आहे की आणायचे आहे, हे इंग्रजी क्रियापदाच्या रूपात दडलेले असते. मराठीत 'भागीदारांचे भांडवल पुढीलप्रमाणे राहील' असे लिहिले की दोन्ही अर्थ निघतात, आणि एखाद्याने रक्कम भरलीच नसेल तर वाद तिथून सुरू होतो. 'आणले आहे' किंवा 'अमुक तारखेपर्यंत आणावे' असे स्पष्ट लिहावे. भांडवलापेक्षा जास्त दिलेली रक्कम मुळात वेगळी धरली असेल तर अनुवादातही ती वेगळीच ठेवावी. 1932च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे भांडवलावरचे व्याज करारात असेल तरच मिळते आणि तेही नफ्यातूनच. भांडवलापलीकडे दिलेल्या आगाऊ रकमेवर मात्र वेगळे काही ठरले नसेल तर साल दरशेकडा 6 टक्के व्याज मिळते. दोन्ही रकमा 'भांडवल' या एकाच शब्दाखाली गेल्या तर हा फरक पुसला जातो.

नफावाटणीच्या कलमात सलग वाक्य मराठीला चांगले पेलते, हे मान्य करायला हवे. 'भांडवलावरील व्याज व कार्यरत भागीदारांचा मोबदला वजा जाता उरणारा निव्वळ नफा किंवा होणारा तोटा भागीदारांनी 2:2:1 या प्रमाणात वाटून घ्यावा.' आधी काय वजा करायचे आणि मग काय वाटायचे, हा क्रम मराठी वाक्यरचनेत आपोआप नीट बसतो. हे फोडायची गरज नाही. उलट फोडले तर वजावटीची पायरी आणि वाटणीची पायरी उगाच तुटतात. फक्त 'तोटा' हा शब्द गळू देऊ नये. प्रमाण ठरवलेच नसेल तर कायदा नफाही समान धरतो आणि तोटाही समान. अनुवादात प्रमाण नुसत्या नफ्याला जोडले गेले, तर तोट्याचे प्रमाण काय, हा प्रश्न मुळात नसताना अनुवादाने उभा केलेला असतो.

निवड ठरते ती निवृत्तीच्या कलमात. हे कलम बहुधा सगळ्या दस्तात सर्वांत लांब असते. नोटीस, हिशेब, व्याज, हप्ते, ख्याती, शेवटी एक 'मात्र' आणि हे सगळे एकाच वाक्यात. समजा मुळात असे आहे: निवृत्त होणाऱ्या भागीदाराने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, मुदत संपली की त्याचे भांडवल, त्या भांडवलावर त्या तारखेपर्यंतचे 12 टक्के व्याज आणि न उचललेला नफा एकत्र करायचा, या बेरजेतून त्याची उचल वजा करायची, येणारी रक्कम आठ समान तिमाही हप्त्यांत द्यायची, ख्यातीचे काही द्यायचे नाही. सलग अनुवाद साधारण असा होतो:

'निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भागीदाराने इतर सर्व भागीदारांना किमान तीन महिने आधी लेखी नोटीस दिल्यावर व सदर मुदत संपल्यावर, त्याच्या खात्यावरील भांडवल, न उचललेला नफा व त्यावरील साल दरशेकडा 12 टक्के दराचे व्याज, त्याने केलेली उचल वजा जाता, उर्वरित भागीदारांनी त्यास आठ समान तिमाही हप्त्यांत अदा करावे. मात्र फर्मच्या ख्यातीचे कोणतेही मूल्य त्यास देय राहणार नाही.'

वाचायला हे वाक्य निर्दोष आहे. व्याकरण बरोबर, सूर दस्ताला साजेसा, आकडे सगळे जागच्या जागी. आणि तरीही ते चुकले आहे. 'त्यावरील' हा शब्द 'न उचललेला नफा'च्या मागे येऊन बसला, त्यामुळे व्याज आता भांडवल आणि नफा दोन्हींवर लागते.

आकडे घालून पाहू. भागीदाराचे भांडवल 5,00,000 रुपये, न उचललेला नफा 2,00,000, उचल 50,000. निवृत्ती 30 सप्टेंबरला, म्हणजे 1 एप्रिलपासून सहा महिन्यांचे व्याज. मुळाप्रमाणे व्याज फक्त भांडवलावर, 30,000 रुपये. देणे होते 6,80,000 आणि हप्ता 85,000. वरच्या मराठी वाक्याप्रमाणे व्याज 7,00,000वर लागते, म्हणजे 42,000. देणे 6,92,000, हप्ता 86,500. शिवाय 'उचल वजा जाता' हे शब्द व्याजाच्या आधी लावायचे की नंतर, हेही वाक्य सांगत नाही. आधी लावले तर व्याज 6,50,000वर, म्हणजे 39,000 येते आणि देणे 6,89,000 होते. एका मराठी वाक्याची दोन उत्तरे, आणि मुळातले एकमेव उत्तर या दोन्हींहून वेगळे.

चांगला अनुवादक सलग वाक्यातही हे टाळू शकतो, हे खरे. 'भांडवल व त्या भांडवलावरील व्याज, तसेच न उचललेला नफा, या बेरजेतून' असे लिहिले की काम भागते. त्रास असा की 'सदर', 'त्यावरील', 'उपरोक्त', 'त्यास' असे बोट दाखवणारे शब्द एकेका लांब वाक्यात चार-पाच असतात आणि त्यातला एखादा सरकला तर तपासताना तो डोळ्यांना खटकत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाचणारा सगळ्या रकमा मनात धरून 'अदा करावे'पर्यंत पोहोचतो आणि मधला जोड कुठे होता हे विसरतो. माझ्या दृष्टीने पारडे झुकते ते एवढ्याच त्रासामुळे.

तेच कलम फोडले की असे दिसते:

14. (अ) निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भागीदाराने इतर सर्व भागीदारांना किमान तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी. नोटिशीची मुदत संपेल तो दिवस निवृत्तीचा दिनांक समजावा.
(आ) त्या भागीदाराचे देणे असे काढावे: (1) त्याचे भांडवल, (2) बाब (1)वर निवृत्तीच्या दिनांकापर्यंत साल दरशेकडा 12 टक्के दराने व्याज, (3) त्याचा न उचललेला नफा. या तिन्हींच्या बेरजेतून त्याने केलेली उचल वजा करावी.
(इ) येणारी रक्कम उर्वरित भागीदारांनी आठ समान तिमाही हप्त्यांत द्यावी.
(ई) या कलमाखाली निवृत्त होणाऱ्या भागीदारास फर्मच्या ख्यातीचे मूल्य देय नाही.

इथे 'त्यावरील'ला सरकायला जागाच नाही. सीएला ही मांडणी थेट हिशेबाच्या तक्त्यासारखी वापरता येते, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या भागीदाराला सही करण्यापूर्वी आपल्या हातात किती पडणार हे स्वतः मांडून पाहता येते.

या मांडणीचेही धोके आहेत आणि ते लहान नाहीत. एक, शेवटच्या 'मात्र'ची व्याप्ती. मुळात ती अट सगळ्या कलमाला लागू असते. फोडताना ती (इ)ला चिकटली तर ख्यातीची अट फक्त हप्त्यांपुरती वाटू लागते. म्हणून (ई) वेगळे करून 'या कलमाखाली' असे लिहावे लागते. दुसरा धोका क्रमांकांचा. दस्तात 'कलम 9च्या अधीन राहून', 'कलम 14मध्ये नमूद केल्याप्रमाणे' असे उल्लेख असतात. फोडताना नवी कलमे तयार केली तर हे सगळे उल्लेख चुकतात. मूळ आकडा कधीही बदलू नये. त्याखाली अक्षरेच द्यावीत, आणि मुळात आधीच अक्षरे असतील तर त्यांच्याखाली कंसातले आकडे. काम संपल्यावर फाइलमध्ये 'कलम' शब्द शोधून प्रत्येक उल्लेख मुळाशी ताडून पाहावा.

तिसरा धोका अनुवादकाच्या प्रामाणिकपणाचा आहे. मूळ वाक्यच संदिग्ध असेल तर फोडताना एक अर्थ निवडण्याचा मोह होतो. उदाहरणार्थ, न दिलेल्या हप्त्यांवर व्याज आहे की नाही याबद्दल मूळ दस्त गप्प असेल, तर अनुवादानेही गप्प राहावे. अंतिम हिशेब न करता उर्वरित भागीदारांनी धंदा चालू ठेवला, आणि करारात वेगळे काही नसेल, तर बाहेर पडलेल्याला त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा त्याच्या हिश्शावर 6 टक्के व्याज यातले एक निवडता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. अनुवादकाने आपल्या मनाने 'बिनव्याजी हप्ते' लिहिले तर तो हा हक्कच लिहून काढून घेतो. अशी शंका वेगळ्या कागदावर लिहून दस्त तयार करणाऱ्या वकिलांकडे पाठवावी. अनुवादाच्या मजकुरात ती मिटवू नये.

याच कारणाने, ज्या दस्तावर वाद आधीच सुरू आहे आणि ज्याचा अनुवाद न्यायालयात दाखल करायचा आहे, तिथे वाक्यास वाक्य हीच मांडणी बरी. तिथे मुळातली गाठ जशीच्या तशी दिसणे हाच अनुवादाचा उपयोग असतो, आणि ओळीला ओळ लावून पाहणाऱ्या विरुद्ध पक्षाच्या वकिलांना आक्षेपाला जागा मिळत नाही. अजून सह्या व्हायच्या असतील, किंवा भागीदारांनी रोज संदर्भाला मराठी प्रतच उघडायची असेल, तर निवृत्तीचे कलम तरी फोडावे असे सुचवेन. नफावाटणी सलग राहिली तरी चालेल. दोन भाषांतल्या प्रतींमध्ये फरक निघाला तर कोणती ग्राह्य, हे कलम मुळात आहे का तेही पाहावे, नसल्यास वकिलांना विचारावे.

कुठलीही मांडणी घेतली तरी तपासणी एकाच पद्धतीने करता येते. वरच्यासारखे चार काल्पनिक आकडे घ्यावेत. एका हिशेबनिसाला फक्त इंग्रजी प्रत द्यावी, दुसऱ्याला फक्त मराठी, आणि दोघांना निवृत्तीचे देणे काढायला सांगावे. आकडे निवडताना न उचललेला नफा आणि उचल यांपैकी काहीही शून्य ठेवू नये, नाहीतर चूक झाकली जाते. नोटिशीचा दिनांकही द्यावा, म्हणजे व्याज नोटिशीच्या दिवसापर्यंत धरले की मुदत संपेपर्यंत, हेही उत्तरात दिसते. दोन उत्तरांत 12,000चा फरक आला तर तो 2,00,000वरचे सहा महिन्यांचे व्याज आहे हे लगेच ओळखू येते, आणि फोडलेल्या प्रतीत दुरुस्ती करायची ती बाब (2)च्या एका ओळीत.