ग्लिटाझोन, ग्लिफ्लोझिन की इंजेक्शन: ट्रायग्लिसराइडच्या बाजूने पाहिलं तर

टाइप टू मधुमेहात मेटफॉर्मिन पुरेनासं झालं की डॉक्टर दुसरं औषध सुचवतात, आणि आपण पहिला प्रश्न विचारतो की साखर किती उतरेल. माझा प्रश्न थोडा वेगळा होता. एचबीए१सी फार वाईट नव्हता, पण लिपिड प्रोफाइल टाइप टूवाल्यांचं असतं तसंच होतं: ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल खाली, आणि एलडीएल मात्र दिसायला साधासुधा. स्टॅटिन चालू होती. तिचं मुख्य काम एलडीएलवर असतं, त्यामुळे या तीन गटांकडे मी ट्रायग्लिसराइडच्या बाजूनेच पाहिलं. हे तिन्ही गट मी स्वतः घेतलेले आहेत. निवड अर्थात डॉक्टरांशी बोलूनच करायची.

मुळात हे बिघडतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड धरून ठेवत नाहीत. ती यकृताकडे वाहत राहतात आणि यकृत त्यांचं व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण, बनवून रक्तात सोडतं. व्हीएलडीएल वाढलं की ट्रायग्लिसराइड वाढतं. तेच ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलच्या कणांत शिरतं, मग एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात आणि एचडीएल लवकर निकालात निघतं. तीनही औषधं या साखळीला हात घालतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

पायोग्लिटाझोन अगदी उगमाशी हात घालते. त्वचेखालच्या चरबीला ती पुन्हा साठवायला लावते आणि यकृताकडचा ओघ कमी करते. कागदावर हे औषध मला अजूनही आवडतं. एचडीएल हलवणं किती कठीण असतं ते ज्याने प्रयत्न केलेत त्याला माहीत आहे, आणि तिघांत ते सगळ्यात ठळक हलवलं ते हिनेच. मात्र ‘ग्लिटाझोन’ म्हणून सरसकट बोलू नये. पायोग्लिटाझोन आणि रोझिग्लिटाझोन समोरासमोर ठेवणारी २४ आठवड्यांची चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. साखर दोघींनी सारखीच उतरवली, पण पायोने ट्रायग्लिसराइड सरासरी ५२ मिलिग्रॅमने खाली आणलं आणि रोझीने १३ने वर नेलं. एलडीएल दोघींत वाढलं, पण रोझीतली वाढ पायोच्या वाढीच्या जवळजवळ पावणेदोन पट होती. रोझी पुढे हृदयविकाराच्या शंकेवरून बहुतेक ठिकाणी मागे पडली, म्हणून आज ग्लिटाझोन म्हणजे पायोच समजा.

ग्लिफ्लोझिन, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. लिपिडवर त्यांचा परिणाम सौम्य आहे: ट्रायग्लिसराइड थोडं खाली, एचडीएल थोडं वर आणि एलडीएलसुद्धा थोडं वर. हा शेवटचा भाग वाचून लोक दचकतात. मीही रिपोर्ट दोनदा वाचला होता. पण २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनची हृदयाची मोठी चाचणी आली, त्यात एलडीएल किंचित वाढूनही हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. हा फायदा कोलेस्टेरॉलच्या रस्त्याने आलेला नाही हे उघड आहे. म्हणून ग्लिफ्लोझिनला लिपिडच्या तराजूत तोलणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. ती हृदय आणि मूत्रपिंडासाठी घ्यावी, ट्रायग्लिसराइडसाठी नाही.

इंजेक्शनांचं, म्हणजे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि अलीकडचं टिर्झेपेटाइड यांचं, काम दोन ठिकाणी चालतं. वजन आणि यकृतातली चरबी कमी झाली की व्हीएलडीएल कमी बनतं. त्याशिवाय जेवणानंतर आतडं जे चरबीचे मोठे कण रक्तात सोडतं, तेही घटतात. उपाशीपोटी काढलेल्या रक्तात हा दुसरा भाग दिसतच नाही, म्हणजे यांचा रिपोर्ट खऱ्यापेक्षा थोडा फिकाच येतो. २०२१च्या तुलनेत टिर्झेपेटाइडने ट्रायग्लिसराइड डोसप्रमाणे १९ ते २५ टक्के उतरवलं, एक मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडने साडेअकरा. एचडीएलमध्ये सेमाग्लुटाइडकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता माझे आकडे, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. स्टॅटिनचा डोस सगळीकडे तोच, रक्त बारा तास उपाशी राहून दिलेलं, आणि प्रत्येक वेळी औषधाला तीनेक महिने दिलेले. शेवटच्या ओळीत ग्लिफ्लोझिन चालूच होती, त्यावर आठवड्याचं सेमाग्लुटाइड सुरू केलं.

| | एकूण कोलेस्टेरॉल | एचडीएल | ट्रायग्लिसराइड | एलडीएल | नॉन-एचडीएल |
|---|---|---|---|---|---|
| आधी | १९० | ३६ | २६० | १०२ | १५४ |
| पायोग्लिटाझोन | १८८ | ४१ | २०५ | १०६ | १४७ |
| ग्लिफ्लोझिन | १९४ | ३९ | २३५ | १०८ | १५५ |
| ग्लिफ्लोझिन + इंजेक्शन | १७२ | ३८ | १८५ | ९७ | १३४ |

पायोच्या ओळीत एलडीएल १०२चं १०६ झालेलं दिसतं. ‘कोलेस्टेरॉल वाढलं’ म्हणून गोळी बंद करणारे मी पाहिलेत, म्हणून इथे जरा थांबतो. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, काढतात:

एलडीएल = एकूण − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

आधीचं गणित १९० − ३६ − ५२ = १०२. पायोनंतरचं १८८ − ४१ − ४१ = १०६. म्हणजे ट्रायग्लिसराइड उतरल्यामुळे वजा होणारा आकडा ५२वरून ४१वर आला आणि उरलेलं सगळं एलडीएलच्या खात्यात पडलं. वाढ अगदीच खोटी नाही, व्हीएलडीएल झपाट्याने निकालात निघतं तेव्हा त्यातलं काही एलडीएल होतंच. पण एकूणातून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएल पाहिला तर तो १५४वरून १४७वर आलाय. धमनीत शिरू शकणारे सगळे कण त्यात धरले जातात आणि ट्रायग्लिसराइडचा भागाकार मध्ये येत नाही. औषध बदलताना हाच आकडा पाहावा. या कणांची संख्या सांगणारी अपो-बी चाचणी करून घेता आली तर त्याहून उत्तम. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर वरचं सूत्र टाकूनच द्या आणि एलडीएल थेट मोजून मागा.

मग पायो सोडली का? सुजेमुळे.

सुरुवातीला वाटलं, दिवसभर बसून पाय जड झालेत. मग मोजे काढले की घोट्याच्या वर वळ राहू लागला, आणि रात्री बूट उतरवले की पावलं बाहेर पडून सुटल्यासारखी वाटायची. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून उचलला तर खळगा तसाच राहायचा, भरायला वेळ घ्यायचा. वजनही चढलं. त्यातलं चरबीचं किती आणि पाण्याचं किती हे घरच्या काट्यावर कळत नाही, पण हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं होतं, म्हणजे रक्त पाण्याने पातळ झालं होतं. डॉक्टरांनी आधी इको आणि हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्तचाचणी करून घेतली, कारण या गोळीने हृदयाची पंपशक्ती मुळात कमी असलेल्या माणसाला हार्ट फेल्युअर होऊ शकतं. माझं हृदय ठीक निघालं. लघवी वाढवणारी नेहमीची गोळी, फ्युरोसेमाइड, देऊन पाहिली. विशेष फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ही सूज मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांत सोडियम अडल्याने येते, आणि ती गोळी त्याच्या बरीच आधी काम करते. तुम्हाला सूज चालत नसेल तर मूळ गोळीच बदलू.’’

चालत नव्हती. धोका नव्हता हे मान्य, पण रोज संध्याकाळी अंगठा दाबून पाहायची सवय लागली, आणि ती एचडीएलच्या पाच अंकांपेक्षा महाग वाटू लागली. सगळ्यांना सूज येत नाही. इन्सुलिन चालू असलेल्यांना जास्त येते. बायकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण या गोळीने वाढतं, तो मुद्दा वेगळाच.

ग्लिफ्लोझिनवर गेल्यावर सूज उतरली आणि हिमोग्लोबिन उलट वर गेलं, कारण ही गोळी पाणी बाहेर काढते. एलडीएलमधल्या किंचित वाढीत या घट्टपणाचाही थोडा वाटा असावा, असं मला वाटतं. तिची तक्रार जननेंद्रियाच्या बुरशीची. स्वच्छता पाळून मला ती एकदाच झाली आणि मलमाने गेली. उपास, उलट्या किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इंजेक्शनाचा त्रास मळमळीचा. पाव मिलिग्रॅमवर काही नव्हतं, अर्ध्यावर गेल्यावर पहिले काही आठवडे जेवणाचं ताट समोर आलं की नकोसं व्हायचं. पूर्ण एकवर मी गेलेलोच नाही. पण ही मळमळ ओसरते, सूज ओसरत नव्हती, आणि माझ्यापुरता फरक एवढाच आहे. नॉन-एचडीएल १३४ बाकी कशाने दाखवला नव्हता. त्यात वजन उतरल्याचा वाटा किती आणि औषधाचा किती हे मला वेगळं काढता येणार नाही. शिवाय दोन औषधं एकत्र आहेत, त्यामुळे सगळं श्रेय सुईला देणंही बरोबर नाही. तरी आज कोणी विचारलं तर मी सुईकडेच बोट दाखवीन.

ज्यांना आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं, त्यांच्यासाठी हिशेब बदलतो. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे असेल तर या तिन्हींच्या भरवशावर राहू नये, तिथे फेनोफायब्रेटसारखं लिपिडचंच औषध लागतं. आणि सुई परवडत नसेल किंवा सोसत नसेल, हृदय मात्र चांगलं असेल, तर पायोचा १५ मिलिग्रॅमचा छोटा डोस ग्लिफ्लोझिनबरोबर चालेल का, एवढं विचारून पाहावं. एक पाणी धरते, दुसरी सोडते, त्यामुळे जोडीत सूज कमी राहते. तेव्हा मला ही जोडी कोणी सुचवली असती तर कदाचित मी एचडीएल ४१वरच थांबलो असतो.