आठ महिने इंग्रजी अग्रलेख, शब्दकोश फक्त रविवारी

परवा सराव परीक्षेत इंग्रजी उताऱ्याचे दोन प्रश्न चुकले, तेही मला येतो असं वाटणाऱ्या शब्दामुळे. म्हणून हे लिहायला बसले.

मी बँक परीक्षेची तयारी करते. शाळा मराठी माध्यमाची. जानेवारी 2025 पासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचते. शब्दसंग्रहाच्या महिन्याच्या वर्गणीला पैसे घालायचे नव्हते. शेजारच्या काकांचा पेपर संध्याकाळी मोकळा होतो, तोच आणते. पद्धत अशी की पहिलं वाचन न थांबता करायचं, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ ओढायची आणि समासात अंदाज लिहायचा. शब्दकोश फक्त रविवारी उघडायचा, आणि तोही तीनदा भेटलेल्या शब्दांसाठीच.

पहिल्या आठवड्यात एकेका अग्रलेखात तीस-तीस रेघा पडायच्या आणि अंदाज म्हणजे अंधारात दगड मारणं व्हायचं. हू आणि नेशन या संशोधकांनी 2000 मध्ये दाखवलं होतं की मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. पाचशे शब्दांच्या अग्रलेखात रेघा दहापर्यंत असतील तरच अंदाजाला आधार मिळतो. मग मी आधी त्याच विषयावरचा मराठी अग्रलेख वाचायला लागले. प्रकरण काय आहे ते ठाऊक असलं की निदान सगळं लक्ष शब्दांवर राहतं. महिन्याभरात रेघा बारा-चौदावर आल्या.

सगळ्यात जास्त फायदा एकाच विषयाच्या मागे लागल्याने झाला. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी येतं आणि अग्रलेखांत तेच शब्द परततात. फेब्रुवारीत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने कमी होऊन 6.25 टक्के झाला, पण धोरणाचा पवित्रा 'न्यूट्रल' राहिला. एप्रिलमध्ये दर 6 वर आला आणि पवित्रा 'अकॉमोडेटिव्ह' झाला. मला 'अकॉमोडेशन' म्हणजे राहायची सोय एवढंच माहीत. दर उतरलाय, तेव्हा 'अकॉमोडेटिव्ह' म्हणजे 'दर कमी करणारा', असं समासात लिहून मोकळी झाले.

जूनमध्ये तो अंदाज मोडला. दर एकदम अर्ध्या टक्क्याने कमी होऊन 5.50 वर आला, आणि पवित्रा मात्र परत 'न्यूट्रल'! माझा अर्थ खरा असता तर एवढी मोठी कपात करताना हा शब्द काढलाच नसता. तेव्हा कळलं की शब्द आजच्या कपातीबद्दल नाही, पुढचा कल सांगणारा आहे: पुढेही दर कमी करायला मोकळीक ठेवणारा. रविवारी शब्दकोशात 'जुळवून घेणारा, सोय करून देणारा' असं मिळालं; पतधोरणात ती सोय कशाची, हे मला जूनच्या अग्रलेखानेच दाखवलं. हा शब्द आता मी विसरणार नाही.

जूनपर्यंत मी मैत्रिणींना सांगत होते की शब्दकोश जवळजवळ लागतच नाही. ते मत आता मागे घेते. कारण ही पद्धत अनोळखी शब्द पकडते. ओळखीचा चेहरा घेऊन वेगळ्या अर्थाने आलेला शब्द तिच्या हातून सुटतो. परवाच्या उताऱ्यात 'क्वालिफाइड सपोर्ट' होतं. क्वालिफाइड म्हणजे पात्र, हे लहानपणापासून पाठ, त्यामुळे रेघच ओढली नाही. अर्थ होता सशर्त पाठिंबा. 'ओव्हरसाइट'चंही तसंच. तो नजरचूकही असतो आणि देखरेखही. 'सँक्शन' तर मंजुरीही असतो आणि निर्बंधही.

चुकतंय हे ओळखायची खूण त्या उताऱ्यातच होती. 'क्वालिफाइड सपोर्ट'नंतरचा परिच्छेद 'हाउएवर'ने सुरू होऊन सगळ्या अटी मोजत होता. ज्याचा पाठिंबा पूर्ण आहे तो अटी का मोजेल? मी तिथे थांबून मागे जायला हवं होतं. आता परिच्छेद एकमेकांशी भांडताना दिसले की आधी सोप्या शब्दांवर संशय घेते आणि त्यांच्याखाली दुहेरी रेघ मारते. दुहेरी रेघेचा शब्द रविवारची वाट बघत नाही, त्याच रात्री शोधते.

आणखी एक कमतरता आहे. अंदाजाने शब्दाची दिशा कळते, नेमका रंग नाही. विकासदराला 'टेपिड' म्हटलं किंवा 'अनीमिक' म्हटलं, दोन्ही वेळा मी 'कमी' लिहिलं होतं. पहिला कोमट, दुसरा रक्तच आटलेला. उतारा सोडवायला 'कमी' पुरतं, पण निबंधात वापरायचा शब्द मी शब्दकोशातून बघूनच घेते.

सध्या वहीत दुहेरी रेघेचे एकोणीस शब्द आहेत. ऑगस्टमध्ये मिळालेला शेवटचा म्हणजे 'टेम्पर': राग म्हणून ओलांडून गेले होते, तिथे अर्थ होता 'सौम्य करणे'.