जोखमीचा परिच्छेद: जुना की नवा?

म्युच्युअल फंडातली जोखीम गुंतवणूकदाराला सांगणारा परिच्छेद कसा लिहावा, हा प्रश्न आहे. जुना असा: "गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन असून एनएव्ही खाली-वर होऊ शकते." एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत. चुकीचं काहीच नाही, पण ती किती खाली जाऊ शकते हे कळतच नाही, म्हणून लोक वाचून पुढे जातात.

शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या इक्विटी फंडासाठी मी असं लिहीन: "तुम्ही १,००,००० टाकले तर एखाद्या वाईट काळात ते ६०,००० दिसू शकतात. परत लाखावर यायला त्या ६०,००० वर साधारण ६७ टक्के वाढ लागते, त्याला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, कधीकधी मूळ रक्कम परत येतही नाही. जे पैसे ३-४ वर्षांत लागणारेत ते इथे ठेवू नका."

यात 'भीषण', 'बुडाले' असले शब्द नाहीत, तरी तोटा नीट दिसतो. ४० टक्के पडलं की ४० टक्के वाढून भरून येतं असं बऱ्याच जणांना वाटतं ना, पण तेवढ्याने ८४,००० च होतात! "विकलं नाही तर तोटा नाही" हे वाक्य मात्र मी मुद्दाम टाळलंय, ते खोटा दिलासा देतं. आणि हाच ४० टक्क्यांचा आकडा अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडाला चिकटवू नका, तिथे उगाच घाबरवणं होईल.